बंगळुरूचं काम, म्हैसूरची सुट्टी: ऑफिसच्या दौऱ्याला जोडून फिरायचं असेल तर

ऑफिसच्या कामासाठी परगावी जायचं आणि काम संपल्यावर दोन-तीन दिवस तिथेच स्वतःच्या खर्चाने फिरून यायचं, यात लपवण्यासारखं काही नाही. अडचण येते ती परत आल्यावर, खर्चाची बिलं भरताना. परतीचं तिकीट सोमवारचं का, शुक्रवारच्या रात्रीचं हॉटेल कोणाचं, शनिवारची टॅक्सी कंपनीच्या खात्यावर कशी, असे प्रश्न अकाउंट्समधून येतात. बहुतेक वेळा कोणी लबाडी केलेली नसते. तिकीट काढायच्या दिवशी करायच्या दोन-तीन गोष्टी राहून गेलेल्या असतात, आणि त्या नंतर करता येत नाहीत.

सोयीसाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. पुण्यातल्या एका कंपनीतल्या कर्मचाऱ्याचं बंगळुरूला ग्राहकाकडे बुधवार ते शुक्रवार काम आहे. मंगळवारी संध्याकाळी विमानाने जायचं. शुक्रवारी दुपारी चारला काम संपेल, म्हणजे एरवी रात्रीच्या विमानाने परत येता आलं असतं. त्याऐवजी शनिवार-रविवार म्हैसूर पाहायचं, सोमवारी रजा घ्यायची आणि सोमवारी संध्याकाळी पुण्याला परतायचं. पुढे येणारे भाड्याचे, हॉटेलच्या दराचे आणि भत्त्याचे आकडे हिशोब समजावा म्हणून घेतलेले आहेत.

आधी कामाच्या तारखा, मग फिरण्याच्या

कामाच्या तारखा ग्राहकाच्या किंवा साहेबांच्या सोयीने ठरलेल्या असाव्यात, आणि तसं दिसावंही. दोन दिवसांची बैठक गुरुवार-शुक्रवारी घ्या असा आग्रह तुम्हीच धरला आणि त्याला जोडून चार दिवस फिरलात, तर दौरा कामासाठी होता की फिरण्यासाठी, हा प्रश्न योग्यच ठरतो. साधा अंदाज असा ठेवावा की कामाचे दिवस फिरण्याच्या दिवसांपेक्षा कमी नसावेत. आपल्या उदाहरणात तीन दिवस काम आहे आणि तीन दिवस सुट्टी, त्यातही शनिवार-रविवार मुळातच सुट्टीचे. त्यामुळे खरी रजा एकाच दिवसाची लागते.

फिरणं कामाच्या आधी ठेवावं की नंतर? नंतरच ठेवावं. आधी फिरलात आणि तब्येत बिघडली किंवा म्हैसूरहून येताना उशीर झाला, तर फटका बैठकीला बसतो. शिवाय बैठक ऐनवेळी पुढे ढकलली गेली, तर तुम्ही आधीच तिथे जाऊन बसलेले असता आणि मधल्या दिवसांचा खर्च कोणाचा यावर वाद सुरू होतो.

सोमवार का, तर म्हैसूरच्या राजवाड्याची रोषणाई रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी पाहावी, संध्याकाळी सातच्या सुमारास. ती पाहून रविवारी रात्रीच बंगळुरूचं विमानतळ गाठायचं म्हटलं तर सगळी रात्र रस्त्यावर जाते. म्हणून रविवारचा मुक्काम म्हैसूरलाच करावा आणि सोमवारी निघावं. दसऱ्याच्या दिवसांत मात्र ही जोडणी करू नये. हॉटेलचे दर चढलेले असतात, आणि परतीचं भाडंही वाढलं की फरकाची रक्कम तुमच्या अंगावर पडते.

परवानगीची मेल तिकिटाच्या आधी

साहेबांनी तोंडी "हो, जा की" म्हटलं, एवढ्यावर तिकीट काढू नका. दौरा मंजूर करणारे साहेब आणि बिलं तपासणारा माणूस वेगळा असतो, आणि त्याच्यापर्यंत तो "हो" पोहोचलेला नसतो. मेल लहान असली तरी चालते, पण तारखा आणि पैसे दोन्ही तिच्यात हवेत. साधारण अशी:

"बंगळुरूचं काम बुधवार ते शुक्रवार आहे. शुक्रवारी दुपारी चारनंतर माझा दौरा संपतो. शनिवार ते सोमवार मी स्वतःच्या खर्चाने तिथे राहणार असून सोमवारची एक दिवसाची रजा टाकली आहे. परतीचं विमान सोमवारी संध्याकाळचं आहे. शुक्रवार रात्रीच्या विमानाचं आजचं भाडं सोबत जोडलं आहे. सोमवारचं भाडं त्यापेक्षा जास्त असेल तर फरक मी भरेन. शुक्रवार रात्रीपासूनचं हॉटेल, जेवण आणि प्रवास माझा राहील. परतीच्या दिवशी विमानतळापर्यंतचा प्रवासखर्च बंगळुरूतल्या हॉटेलपासूनच्या टॅक्सीइतक्या मर्यादेत मिळावा. कृपया मंजुरी द्यावी."

साहेबांच्या उत्तरात "मंजूर" एवढा एक शब्द आला तरी पुरे. मेलमधलं शेवटून दुसरं वाक्य, टॅक्सीचं, बहुतेक लोक विसरतात. तुम्ही शुक्रवारी परतला असतात तर हॉटेल ते विमानतळ हा खर्च कंपनीने दिलाच असता. पण सोमवारी तुम्ही म्हैसूरहून निघता, म्हणून आधी लिहून घेतलं नसेल तर ती रक्कम सरसकट नाकारली जाते.

त्याच दिवशी रजाही टाकून ठेवा. हजेरीच्या प्रणालीत दौरा मंगळवार ते शुक्रवार आणि रजा सोमवार, अशा वेगळ्या नोंदी दिसायला हव्यात. मंगळवार ते सोमवार असा सलग दौरा टाकून नंतर मधले दिवस वगळत बसलात तर दैनिक भत्ता आपोआप सातही दिवसांचा निघतो, आणि तो परत करताना विनाकारण संशयाला जागा होते. सॅंडविच रजेचा नियमही तपासा. पुष्कळ ठिकाणी शुक्रवार आणि सोमवार दोन्ही दिवस रजा असेल तर मधले शनिवार-रविवारही रजेत धरतात. आपल्या उदाहरणात शुक्रवारी तुम्ही कामावरच आहात, म्हणून साधारणपणे एकच रजा कापली जाते. तरी एचआरकडून एका ओळीत खात्री करून घ्यावी.

तुलनेचा स्क्रीनशॉट

या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा कागद कोणता, तर तुम्ही न काढलेल्या तिकिटाचा. शुक्रवारी रात्री परतला असतात तर कंपनीला किती पडलं असतं, हे दाखवणारा स्क्रीनशॉट. विमानाचं भाडं तासातासाला बदलतं, त्यामुळे दहा दिवसांनी ते सिद्ध करायला काहीच उरत नाही.

हा स्क्रीनशॉट तिकीट काढायला बसाल तेव्हाच, तिकीट काढण्याच्या अगदी आधी घ्यावा. त्यात फ्लाइटचा क्रमांक, प्रवासाची तारीख, करांसह एकूण भाडं आणि सामानाची मर्यादा दिसली पाहिजे. मोबाइलवर घेतलात तर वरच्या पट्टीत फक्त वेळ दिसते, तारीख दिसत नाही. म्हणून तो लगेच स्वतःलाच मेल करा, म्हणजे मेलची तारीख पुरावा होते. तुलना बरोबरीची असावी. एकीकडे सामान न धरलेलं स्वस्त भाडं आणि दुसरीकडे जेवण-सीट धरलेलं महाग भाडं, अशी तुलना कोणताही जाणता अकाउंटंट परत पाठवतो. थेट विमानाची तुलना थेट विमानाशीच करा.

समजा शुक्रवार रात्रीचं भाडं ६,२०० रुपये आहे आणि सोमवार संध्याकाळचं ७,४००. कंपनी ६,२०० देते, वरचे १,२०० तुमचे. उलट सोमवारचं ४,९०० असेल तर कंपनी ४,९००च देते. वाचलेले १,३०० रुपये म्हैसूरच्या हॉटेलकडे वळवून घेता येत नाहीत. नव्याने असा दौरा करणारे इथे हमखास चुकतात. दोन्हींपैकी जे कमी, तेच कंपनीचं, हा हिशोब दोन्ही बाजूंनी लागतो.

तिकीट कंपनीच्या ट्रॅव्हल डेस्कमार्फत निघत असेल तर १,२०० रुपये कसे वसूल होणार, हे आधीच विचारा. काही ठिकाणी ते खर्चाच्या दाव्यातून वजा करतात, काही ठिकाणी पगारातून. दोन्हीकडून कापले गेल्याचीही उदाहरणं असतात, म्हणून पुढच्या महिन्याची पगारपत्रिका एकदा नीट पाहावी.

जाण्याचं आणि येण्याचं तिकीट वेगवेगळ्या पीएनआरवर असलेलं बरं. एकाच पीएनआरवर दोन्ही असतील आणि जाताना काही कारणाने तुम्ही ते विमान न पकडता रेल्वेने गेलात, तर विमान कंपनी परतीचं तिकीटही रद्द करू शकते. दोन पीएनआर असले की फक्त परतीची तारीख बदलायची तरी सोपं पडतं, आणि हिशोबात कामाचा व तुमचा भाग वेगळा दिसतो.

कंपनीचा जीएसटी क्रमांक बुकिंगच्या वेळीच टाकावा. विमानाच्या तिकिटावरचा कर कंपनीला वजावट म्हणून घेता येतो, पण विमान कंपनीने त्या क्रमांकाने बिल काढलं असेल तरच. सोबत येणाऱ्या नवऱ्याचं किंवा बायकोचं तिकीट मात्र वेगळ्या बुकिंगवर, तुमच्या पैशाने आणि कंपनीच्या क्रमांकाशिवाय काढा. एकाच बुकिंगवर दोघांची नावं आणि वर कंपनीचा क्रमांक, हे बिल कसंही समजावलं तरी चुकीचंच दिसतं.

शुक्रवारची रात्र

हॉटेलच्या हिशोबात खरा गुंता या एका रात्रीचा असतो. मंगळवार, बुधवार, गुरुवार या तीन रात्री कंपनीच्या. शनिवार-रविवार म्हैसूरला, त्या तुमच्या. शुक्रवारी तुम्ही त्याच हॉटेलात, त्याच खोलीत झोपता, आणि हॉटेल चार रात्रींचं एकच बिल हातात ठेवतं.

शुक्रवारची रात्र कोणाची, हे काम कधी संपलं यावर ठरतं. चारला काम संपलं आणि रात्रीचं विमान सहज मिळत होतं, तर ती रात्र तुमची. काम रात्री आठपर्यंत चाललं असतं आणि त्यानंतर पुण्याचं विमानच नसतं, तर तुम्ही शनिवारी सकाळी परतला असतात आणि ती रात्र कंपनीने दिली असती. अशा वेळी ती मागणं रास्त आहे, पण काम किती वाजता संपणार ते परवानगीच्या मेलमध्ये आधीच असायला हवं. बंगळुरूचं विमानतळ शहराबाहेर देवनहळ्ळीजवळ आहे आणि शुक्रवार संध्याकाळी तिथे पोहोचायला दोन तासही लागू शकतात. म्हणून "चारला काम संपलं, साडेसहाचं विमान होतं" ही तुलना खरी नाही; नऊच्या आसपासचं विमान धरावं.

बिल वेगळं करण्याचं काम चेक-आउटच्या वेळी करू नका, चेक-इनच्या वेळी सांगा. रिसेप्शनवर स्पष्ट शब्दांत म्हणा: "तीन रात्रींचं बिल कंपनीच्या नावाने आणि जीएसटी क्रमांकासह. चौथ्या रात्रीचं वेगळं बिल, माझ्या नावाने, कंपनीचा क्रमांक न टाकता." हॉटेलच्या प्रणालीत ही दोन वेगळी खाती उघडता येतात. चेक-आउटच्या सकाळी मागे रांग असताना हेच सांगितलं, तर घाईत चारही रात्री एका बिलावर येतात, आणि एकदा निघालेलं करबिल बदलायला हॉटेल कुरकुर करतं. चौथ्या रात्रीला कंपनीचा सवलतीचा दर लागू होतो का, तेही तेव्हाच विचारा. कित्येक हॉटेलं देतात, पण तो तुमचा हक्क नसतो.

हॉटेल अनामत म्हणून कार्डावर रक्कम अडकवून ठेवतं. कंपनीचं कार्ड दिलं असेल तर शुक्रवारी सकाळी ते काढून स्वतःचं द्या. नाहीतर शुक्रवारचं रात्रीचं जेवण आणि धुलाई कंपनीच्या कार्डावर जाते. "नंतर भरून टाकेन" या हिशोबाने कंपनीचं कार्ड खासगी खर्चाला वापरणं अनेक कंपन्यांच्या नियमात शिस्तभंगच धरलं जातं, पैसे परत केले तरी.

कराचं गणित इथे साधं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी लागतो आणि त्याची वजावट मिळत नाही. त्यावरच्या खोलीला १८ टक्के लागतो. ५,५०० रुपयांची खोली असेल तर एका रात्रीचे ५,७७५ आणि तीन रात्रींचे १७,३२५ होतात. वजावट मिळत नसली तरी बिलावर कंपनीचं नाव लागतंच, कारण खर्च कंपनीचा आहे हे दाखवणारा तो कागद आहे.

घरचं माणूस येणार असेल तर त्याने शुक्रवारी संध्याकाळी यावं. गुरुवारी आलं तर कंपनीच्या खोलीत दुसरी व्यक्ती नोंदवली जाते, दर एकाचा न राहता दोघांचा होतो, आणि फरक वेगळा काढत बसावा लागतो.

अकाउंट्स इतकं का चिकित्सकपणे पाहतं

यामागे आयकराचं कारण आहे, आणि ते माहीत असलं की वाद निम्मे होतात. आयकर नियमांत सुट्टीच्या प्रवासाचा मालकाने केलेला खर्च हा कर्मचाऱ्याला मिळालेला लाभ, म्हणजे परक्विझिट, धरला आहे. कामाचा दौरा पुढे सुट्टीत वाढवला असेल तर फक्त वाढवलेल्या काळातला खर्च लाभ मानायचा, असंही तिथे लिहिलं आहे. सोबत आलेल्या कुटुंबीयांवर कंपनीने केलेला खर्चही त्यातच येतो. म्हणजे बुधवार ते शुक्रवारचं काम सुट्टी जोडल्यामुळे बाधित होत नाही. पण शनिवारचं हॉटेल कंपनीच्या खात्यात गेलं, तर ते तुमच्या पगारात मिळवून त्यावर कर कापावा लागतो. अकाउंटंट ती रेष कुठे आहे ते शोधत असतो. ती तुम्हीच आखून दिलीत तर त्याला शोधावी लागत नाही.

म्हैसूरला जाताना आणि येताना

शुक्रवारी संध्याकाळी बंगळुरूतून बाहेर पडण्यात अर्थ नाही, वाहतुकीतच तास जातात. शनिवारी सकाळच्या रेल्वेने दोन-अडीच तासांत म्हैसूर येतं. रेल्वेचं आगाऊ आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, पण दौरे इतके आधी ठरत नाहीत. तेव्हा परवानगी आली की लगेच काढावं. राहिलंच तर तत्काळ आदल्या दिवशी एसीसाठी सकाळी दहाला उघडतं. ते शुक्रवारी सकाळी येतं, म्हणजे नेमकं तुम्ही ग्राहकासमोर बसलेले असता. त्यावर भरवसा ठेवू नका.

म्हैसूरचं हॉटेल मोफत रद्द करता येणारं घ्या, शंभर-दोनशे रुपये जास्त पडले तरी. बैठक पुढे गेली किंवा शनिवारी सकाळपर्यंत लांबली, तर कंपनी स्वतःची तिकिटं बदलेल, पण म्हैसूरचं नुकसान पूर्ण तुमचं. राजवाडा आतून दिवसा दहा ते साडेपाच पाहता येतो. तो शनिवारी दुपारी उरकला की रविवारी चामुंडी टेकडी आणि प्राणिसंग्रहालय, आणि संध्याकाळी रोषणाई, असं निवांत बसतं.

सोमवारचा हिशोब उलटा करा. विमान साडेसातचं, विमानतळावर साडेपाचला हवं. म्हैसूर ते देवनहळ्ळी रस्त्याने सुमारे १८० किलोमीटर. म्हैसूरहून थेट विमानतळापर्यंत राज्य परिवहनाची फ्लायबस जाते, तिला चार तास तरी धरा, आणि बंगळुरूच्या कडेने जाताना अडकण्यासाठी आणखी एक तास. म्हणजे दुपारी बाराला, उशिरात उशिरा साडेबाराला, म्हैसूर सोडलं पाहिजे. हे विमान चुकलं तर नवं तिकीट पूर्ण तुमच्या खिशातून जातं, कारण त्या दिवशी तुम्ही रजेवर असता.

टॅक्सीच्या अ‍ॅपमध्ये कामाचं आणि खासगी अशी दोन प्रोफाइल असतील, तर शुक्रवारी ग्राहकाच्या दारातून निघतानाच बदलून टाका. शनिवारी सकाळी स्टेशनवर जाताना कामाचं प्रोफाइल तसंच राहतं आणि बिल थेट कंपनीला जातं, ही या प्रकारातली सर्वांत सामान्य चूक आहे. झालीच तर अकाउंट्सने विचारण्याआधी स्वतः मेल करून ती रक्कम वजा करायला सांगा.

कंपनीचा विमा रजेच्या दिवसांना लागू आहे असं गृहीत धरू नका. समूह अपघात विमा चोवीस तासांचा आहे की फक्त कामावर असतानाचा, हे एचआरला विचारा. दौरा परदेशी असेल तर याला फार महत्त्व येतं. प्रवास विम्याचे आणि व्हिसाचे दिवस सुट्टीसकट सगळ्या मुक्कामाला पुरले पाहिजेत, आणि विम्याचे वाढीव दिवस स्वतःच्या पैशाने घ्यावेत.

दावा भरताना

पुण्याला परतल्यावर त्याच आठवड्यात दावा भरा. थर्मल कागदावरची बिलं काही महिन्यांत कोरी होतात, म्हणून ती मिळाल्या मिळाल्या फोटो काढून ठेवा. मोबाइलवरचा बोर्डिंग पास प्रवास झाल्यावर अ‍ॅपमधून गायब होतो, तोही आधीच जतन करा. यूपीआयचा स्क्रीनशॉट पैसे दिल्याचा पुरावा आहे, बिल नव्हे. जेवणाचं, टॅक्सीचं बिल वेगळं मागावंच लागतं. दौरा मार्चअखेरीस असेल तर आणखी घाई करा, कारण ३१ मार्चला वर्ष बंद होतं आणि मागच्या वर्षाचा खर्च नंतर घ्यायला अकाउंट्स नाखूश असतं. दौऱ्यासाठी अ‍ॅडव्हान्स उचलला असेल तर तोही याच दाव्यात मिटवा.

दाव्यात दिवसवार ओळी लिहा, आणि सुट्टीचे दिवस गाळू नका. शनिवार, रविवार, सोमवार यांच्यासमोर "वैयक्तिक, खर्च शून्य" असं लिहा. दिवस नुसते वगळले तर तपासणाऱ्याला शुक्रवारचं काम आणि सोमवारचं तिकीट यांच्यामध्ये भोक दिसतं. विमानाच्या ओळीत प्रत्यक्ष भाडं ७,४००, तुलनेचं ६,२००, मागणी ६,२००, असे तिन्ही आकडे ठेवा. विमानतळाच्या प्रवासात फ्लायबसचं तिकीट जोडा. ते हॉटेलपासूनच्या टॅक्सीपेक्षा कमी असेल तर जेवढं झालं तेवढंच मागा. पुणे विमानतळ ते घर ही टॅक्सी मागता येते, कारण ती शुक्रवारीही लागलीच असती. दैनिक भत्ता शुक्रवारी थांबतो. शुक्रवारचा पूर्ण भत्ता घेतला असेल तर सोमवारच्या प्रवासासाठी पुन्हा अर्धा मागू नये, कारण परतीचा दिवस एकदाच मोजला जातो.

शेवटी परवानगीची मेल, साहेबांचं उत्तर आणि तुलनेचा स्क्रीनशॉट हे तिन्ही एका फाइलमध्ये करून दाव्याच्या पहिल्या पानाला जोडा, बिलांच्या खाली नको. तपासणारा वरून वाचायला लागतो, आणि सोमवारचं तिकीट हातात येण्याआधी त्याला त्याचं उत्तर मिळालेलं असतं.